माफी ४८ मिनिटांची मागायची

"सर, मी २३ वर्षांचा, अमळनेरकडचा. आमच्या टीममध्ये सहा नंबरवर, डिफेन्सिव्ह मिडफिल्ड खेळतो. गेल्या रविवारी जळगावला सेमीफायनल होती, ३५-३५ मिनिटांची. आम्ही एका गोलने पुढे होतो. बाविसाव्या मिनिटाला माझा टच लांब गेला, त्यांचा विंगर बॉलवर आला आणि मी दोन्ही पायांनी घसरत गेलो. बॉल लागला, पण त्याच्या घोट्यालाही लागलं. त्याला उचलून बाहेर नेलं. रेफरीने थेट लाल कार्ड दाखवलं. मी वाद घातला, शेवटी कॅप्टनने जर्सी धरून बाहेर काढलं. कोचने नऊ नंबरला बसवून एक मिडफिल्डर आणला. आम्ही २-१ हरलो. नऊ नंबर त्या मॅचसाठी सुरतहून सुट्टी टाकून आला होता. तेव्हापासून ग्रुपवर कोणी माझ्याशी बोलत नाही. कॅप्टन आणि सगळ्या टीमसाठी माफीचं दोन पानी पत्र लिहिलंय, सोबत जोडतोय. एक मित्र म्हणतो पाठव. दुसरा म्हणतो, खेळात होतं असं, कशाला कमीपणा घेतोस. पाठवू का? आणि हेच पाठवू का?"
— सहा नंबर, अमळनेर

मित्रा,

पाठव. पण हे नको.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दीड पान टॅकलवर आणि तुझ्या झोप न लागण्यावर गेलंय. उरलेल्या अर्ध्या पानात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' वगैरे आहे. बाविसाव्या मिनिटापासून सत्तराव्या मिनिटापर्यंत मैदानात काय चाललं होतं, त्याबद्दल एकच ओळ सापडली, तीही कोपऱ्यात: तीन नंबरच्या पोराला शेवटी पेटके आले. खरं पत्र त्या ओळीपासून सुरू व्हायला हवं.

तू असं का लिहिलंस ते कळतं. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला मैदानाच्या आसपास थांबता येत नाही, राखीव खेळाडूंच्या बाकावरही बसता येत नाही. तूच लिहिलंयस की तू कंपाउंडबाहेर रिक्षाजवळ बसून होतास. म्हणजे ज्या ४८ मिनिटांची माफी मागायची आहे, ती तू पाहिलेलीच नाहीस. तुझ्याजवळ फक्त टॅकलचा तो एक सेकंद आहे, म्हणून तू तोच उलटसुलट करून लिहीत बसलास. तेव्हा पत्राला हात लावण्याआधी गोलकीपरला किंवा कोचला गाठ आणि विचार, मी गेल्यावर नेमकं काय काय झालं? गोलकीपर बरा, त्याला सगळं मैदान समोरून दिसतं. माफी मागायला जाऊ नकोस, फक्त ऐकून घे. मधे बोलू नकोस.

काय ऐकायला मिळेल त्याचा अंदाज मी देतो. बरीच वर्षं खान्देशातल्या मैदानांवर शिट्टी घेऊन पळालोय, दहा जणांची टीम कशी खचत जाते ते जवळून पाहिलंय. लोकांना वाटतं, एक माणूस कमी म्हणजे एकाची जागा रिकामी. तसं होत नाही. तुमच्या कोचने नऊ नंबर काढून तुझी जागा भरली, म्हणजे मधली फळी टिकली, पण पुढे बॉल धरून ठेवणारा उरला नाही. अशा वेळी डिफेन्सने मारलेला प्रत्येक लांब बॉल पाच-सात सेकंदांत परत अंगावर येतो. बॉल पुढे थांबतो तेव्हाच मागच्या चौघांना श्वास घ्यायला आणि दहा पावलं वर सरकायला सवड मिळते. ती सवड गेली. मग फुलबॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, एकट्याने विंगर सांभाळावा लागतो, कारण त्याच्या पुढचा मिडफिल्डर आत मधे ओढला गेलेला असतो. तीन नंबरला पेटके आले ते दुपारच्या उन्हामुळे नुसते नव्हेत. तो दोघांचं पळत होता.

आता तुझ्या मसुद्यातलं एक वाक्य: "मी बॉलच खेळलो होतो, पण रेफरीने घाई केली." हे काढ. यात सगळं पत्र वाया जातं.

मैदानावर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं हे वाक्य असेल, आणि म्हणणारे बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. बॉल लागलेला असतो. पण नियमाला त्याने फरक पडत नाही. फुटबॉलच्या नियमावलीत बारावा नियम फाउलचा आहे आणि त्यात टॅकलच्या तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणे गेलास तर नुसती फ्री किक. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता, बेदरकारपणे गेलास तर पिवळं कार्ड. जास्तीचा जोर लावलास किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणलीस तर लाल. बॉलवर झेपावताना एका पायाने गेलास की दोन्ही पायांनी, समोरून गेलास की बाजूने की मागून, याने सुटका होत नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. आधी बॉल लागला तर माफ, असं कुठेही नाही.

तू पत्रात स्वतःच्या टॅकलला चार वेळा 'बेदरकार' म्हटलंयस. रेफरीने तसं मानलं असतं तर तू पिवळ्या कार्डावर सुटला असतास आणि मॅच अकरा जणांनी संपवली असती. त्याने वरची पायरी लावली, आणि तुझ्या वर्णनावरून मीही तीच लावली असती. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की तुझ्या हातात काही राहत नाही. वेग कमी करता येत नाही, दिशा बदलता येत नाही, समोरच्याने बॉल सरकवला तरी थांबता येत नाही. त्यात आपली मैदानं. गवत नावाला, खाली मुरूम. समोरच्याचा पाय त्या वेळी टेकलेला असेल तर तो घसरून सुटत नाही, सगळा मार घोटा खातो. रेफरी पाहतो ते हेच: किती लांबून आलास, किती वेगात, स्टड समोर होते का, गुडघा ताठ होता का, पाय घोट्यावर लागला की बॉलवरून घसरत गेला. तुझ्या मनात काय होतं, हे तो पाहत नाही. त्याला ते दिसतही नाही.

म्हणून 'माझा हेतू तसा नव्हता' हे वाक्य टीमसाठी फारसं कामाचं नाही. तुझ्या टीममधला एकही जण असं म्हणत नसणार की तू मुद्दाम पाय मोडायला गेलास. त्यांचा राग वेगळा आहे. एका गोलने पुढे असताना, मागे चार डिफेंडर उभे असताना, मैदानाच्या मध्यावर गेलेल्या बॉलसाठी तू सगळं डावावर लावलंस. टच लांब गेला ही साधी चूक होती, सगळ्यांकडून होते. ती झाकायला दुसरी केलीस, आणि दुसरीचं बिल त्यांनी भरलं. हे तू एका वाक्यात मान्य केलंस की त्यांना बाकीचं सांगावं लागत नाही.

कॅप्टनचं वेगळं आहे, म्हणून त्याच्याशी आधी आणि वेगळं बोलायचं. नियमाप्रमाणे कॅप्टनला खास हक्क काहीच नसतात, पण टीमच्या वागणुकीची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर असते. तू रेफरीशी भांडत होतास तेव्हा त्याला दोन कामं एकदम करावी लागली: तुला बाहेर काढणं आणि बाकीच्या नऊ जणांना नव्याने उभं करणं. पहिल्या कामात गेलेला वेळ दुसऱ्यातून वजा झाला. शिवाय तुझा वाद रेफरीच्या रिपोर्टमध्ये गेला असेल तर आयोजकांपुढे उत्तर द्यायला तोच उभा राहणार, तू नाही. तुझ्या दोन पानांत या वादाचा उल्लेखही नाही. मला वाटतं, कॅप्टनला टॅकलपेक्षा तेच जास्त लागलं असेल. टॅकल अर्ध्या सेकंदात होऊन गेलं, वाद तू मिनिटभर घातलास. मिनिटभरात माणूस थांबू शकतो.

आणि नऊ नंबर. सुरतच्या कामावरून सुट्टी काढायची म्हणजे काय ते आपल्याकडच्या घराघरात ठाऊक आहे. पगार कापला जातो, वर शेठचं ऐकून घ्यावं लागतं. तो भुसावळकडे येणाऱ्या गाडीत रात्रभर बसून आला असेल, आणि खेळला किती? कोचने बदली लगेच केली असेल तर जेमतेम पंचवीस मिनिटं. त्याने काही चूक केली नव्हती. सगळ्या टीमच्या पत्रात त्याला 'आणि बाकी सर्व' मध्ये ढकलू नकोस. त्याला त्याची ओळ हवी.

पुढचा मुद्दा वचनाचा. तू लिहिलंयस, "पुन्हा आयुष्यात असं होणार नाही." कोण तपासणार? डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला टॅकल करावंच लागतं, उद्या पुन्हा टच लांब जाईल, पुन्हा कुणीतरी बॉलवर येईल. त्या क्षणी तू काय करणार आहेस, ते लिही. टीमला दिसेल असं काहीतरी.

माझ्या मते ते असं असावं. पुढचे काही आठवडे सरावात तू उभा राहूनच खेळशील, घसरणार नाहीस. बॉल गेला की झेपावायचं नाही. पळत त्याच्या आणि गोलच्या मधे यायचं. त्याच्यापासून दोन हात अंतरावर थांबायचं, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, पावलं छोटी. त्याला आत येऊ द्यायचं नाही, लाइनकडे वळवायचं. पाय घालायचा तो बॉल त्याच्या पायापासून सुटेल तेव्हाच. बॉल मिळाला नाही तरी चालेल, कारण तू त्याला तीन सेकंद अडवलंस की तुझे दोन जण मागे येऊन उभे राहतात. याला कोच लोक 'जॉकी करणं' म्हणतात. सरावाला आठ-दहा मीटर रुंद पट्टा आखून एकास एक खेळा, नियम एकच: जो जमिनीवर पडला तो हरला. कॅप्टनला सांग, मला रोज पंधरा मिनिटं यात घाल. पत्रातल्या शपथेपेक्षा ही पंधरा मिनिटं त्याला पटतील, आणि खरं सांगायचं तर तुला गरजही आहे. दोन्ही पायांनी घसरणारा मिडफिल्डर बहुतेक वेळा उशिरा पोहोचणारा असतो. टच सुटल्यावर तू एक क्षण स्वतःवर चिडून जागीच थांबलास, आणि मग ते अंतर भरून काढायला उडी घेतलीस, असं झालं असण्याची शक्यता मला दाट वाटते. व्हिडिओ असेल तर बघ.

एक सावधगिरी. तुझ्या मसुद्यात रात्री रागात लिहिलेली एक ओळ आहे: "तो आधीपासून मला डिवचत होता, म्हणून मी पण ठरवलं होतं." हे खरं असेल तर कॅप्टनला तोंडी सांग, समोर बसून, कारण त्याला ते कळायला हवं. ग्रुपवरच्या पत्रात मात्र टाकू नकोस. ग्रुपवर गेलेली गोष्ट स्क्रीनशॉट होऊन कुठेही पोहोचते, आणि 'ठरवलं होतं' या दोन शब्दांनी फाउलचा अर्थच बदलतो. मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीन याने एप्रिल २००१ मध्ये मँचेस्टर सिटीच्या आल्फ-इंगे हालांडवर, म्हणजे आजच्या अर्लिंग हालांडच्या वडिलांवर, असंच टॅकल केलं. लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी, पाच हजार पौंड दंड, विषय तिथे संपला होता. पुढच्या वर्षी आत्मचरित्रात त्याने ते जुना हिशोब चुकता करायला केल्यासारखं लिहिलं आणि इंग्लंडच्या असोसिएशनने प्रकरण पुन्हा उघडलं. आणखी पाच सामने आणि दीड लाख पौंड. तुझी स्पर्धा तेवढी मोठी नाही, पण रेफरीचा रिपोर्ट आणि खेळाडूचं लेखी म्हणणं इथेही एकाच टेबलावर येतं. आयोजकांनी खुलासा मागितला तर तो वेगळा, छोटा लिही आणि कॅप्टनला दाखवून दे. टीमचं पत्र तिकडे जोडू नकोस.

आता पत्र. मी असं लिहिलं असतं. गोलकीपरकडून जे कळेल त्याप्रमाणे मधला भाग बदल:

"दादा आणि सगळे,

रविवारी माझा टच लांब गेला आणि तो भरून काढायला मी दोन्ही पायांनी गेलो. बॉल लागला की नाही याने फरक पडत नाही. ते लाल कार्डच होतं. त्यानंतर मी रेफरीशी वाद घातला आणि दादाला मला बाहेर काढत बसावं लागलं. त्या वेळात त्याने तुम्हाला सांभाळायला हवं होतं.

तुम्ही ४८ मिनिटं दहा जणांनी खेळलात. नऊ नंबर, तू रात्रभर प्रवास करून आलास आणि माझ्यामुळे तुला बसावं लागलं. तीन नंबर, तू शेवटी पेटके येईपर्यंत एकट्याने ती बाजू धरलीस. दहा नंबर, तुला पुढचं सोडून माझ्या जागेवर पळावं लागलं. हे मी बाहेर होतो म्हणून पाहिलं नाही, विचारून घेतलं.

मला माफ करा.

बंदी संपेपर्यंत मी प्रत्येक सरावाला येईन. स्लाइड करणार नाही. दादा, एकास एकच्या पट्ट्यात मला रोज घाल आणि पडलो तर बाहेर काढ. माझी जागा तोपर्यंत दुसऱ्याला दिलीस तरी माझी तक्रार नाही."

बस एवढंच. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आई विचारते, हे सगळं काढलं, कारण ते वाचून तुझीच समजूत घालायची पाळी त्यांच्यावर येते. रागावलेल्या माणसाला आपलं सांत्वन करायला लावायचं नाही. 'मला समजून घ्या' काढलं. 'आपण कुटुंब आहोत' हेही काढलं. ते त्यांनी म्हणायचं, तू नाही. शेवटच्या वाक्याबद्दल नीट विचार कर. जागा गेली तरी चालेल हे मनापासून नसेल तर लिहू नकोस, कारण कॅप्टन ते खरं धरून चालेल आणि त्याला तसा हक्कही आहे.

पोहोचवायचं कसं? ग्रुपवर आधी टाकू नकोस. कॅप्टनची जिनिंगमधली शिफ्ट संपते तेव्हा भेट, असं तू त्याच्या कामाबद्दल लिहिलंयस त्यावरून सुचवतो. भर कामात जाऊ नकोस. त्याच्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलत असशील तर अहिराणीतच बोल. "दादा, मनी चूक व्हयनी" एवढं म्हणालास तरी छापील मराठीतल्या दोन पानांपेक्षा ते जड आहे. मग पत्र त्याच्या हातात दे आणि विचार, हे सरावाआधी सगळ्यांसमोर वाचू का? तो नको म्हणाला तर नको. टीमचा मूड त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. हो म्हणाला तर सरावाच्या आधी, बूट बांधता बांधता वाच. दोन मिनिटं लागतील. वाचून झाल्यावर उत्तराची वाट बघत उभा राहू नकोस, धावायला लाग.

शेतात भरीत पार्टी ठेवून सगळ्यांना बोलवायचा तुझा बेत मात्र सध्या राहू दे. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी समोर आली की कोणीच रागावलेला राहू शकत नाही, हे मान्य. तीच अडचण आहे. ज्याला अजून रागावून राहायचंय त्यालाही हसावं लागतं, आणि तो राग मग पुढच्या मॅचला निघतो. पार्टी महिनाभराने कर, निमित्त दुसरं काहीतरी असू दे.

'जाऊ दे रे भो' असं दोघं-तिघं लगेच म्हणतील. त्यावर फार विसंबू नकोस. जो काहीच बोलत नाही, बहुधा नऊ नंबर, त्याच्या मागे लागू नकोस. सुरतला फोन एकदा कर, तो उचलला नाही तर मेसेज ठेव आणि थांब. मिटलं की नाही हे सरावात कळतं. बॉल तुझ्याकडे येतो का? दोन पर्याय असताना तुला टाळून दुसऱ्याला दिला जातो का? तुझ्या मागून कोणी येत असताना 'मॅन ऑन' ओरडतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू चुकलास की शिव्या देतात का? टीम ज्याच्यावर ओरडते त्याला तिने धरलेलं असतं. नुसतं गोड बोलत असतील तर अजून वेळ आहे.

राहिला तो विंगर. त्याच्याबद्दल तुझ्या दोन पानांत "त्याला लागलं" एवढंच आहे. त्याचं नाव तुला माहीत आहे का? टीमला पत्र देण्याआधी त्याची चौकशी व्हायला हवी, नाहीतर सगळ्यांना वाटेल की तुला हरल्याचंच वाईट वाटतंय. त्यांच्या कॅप्टनचा नंबर तुमच्या कॅप्टनकडे असेल. आधी त्याच्यामार्फत विचार, फोन केला तर चालेल का. बोलताना घोटा कसा आहे, एक्स-रे काढला का, कामावर जाता येतं का, हे विचार आणि चूक माझी होती असं स्पष्ट म्हण. बॉलचं नाव काढू नकोस. औषधपाण्याचा खर्च झाला असेल तर द्यायची तयारी दाखव; तो नाही म्हणाला तर जबरदस्ती नको. फोनबद्दल टीमला सांगत बसू नकोस, त्यांच्या कॅप्टनकडून तुमच्या कॅप्टनपर्यंत ते आपोआप येईल.

स्पर्धेच्या नियमांत लाल कार्डाला दंड किंवा अनामत कापण्याचं कलम आहे का तेही बघ. असेल तर ती रक्कम कॅप्टनला भेटायला जाशील तेव्हाच खिशात घेऊन जा. टीमच्या वर्गणीतून ती जाता कामा नये, आणि त्याला ती तुझ्याकडे मागायची वेळही येऊ नये.